समास कापा, अक्षर वाढवा: मोबाइलवर मराठी पीडीएफ वाचण्यासाठी क्रॉप करण्याची पद्धत

मोबाइलवर पीडीएफ उघडली की पान रुंदीला बसतं आणि अक्षरं मुंगीएवढी दिसतात. मग दोन बोटांनी मोठं करायचं, ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत वाचायची, पुन्हा डावीकडे यायचं. दहा पानांनंतर माणूस पुस्तक बंद करतो. यात दोष अक्षरांचा कमी आणि कडेच्या कोऱ्या जागेचा जास्त असतो. ए-फोर पानाच्या दोन्ही बाजूंना रिकामी पडलेली जागा मोबाइलच्या पडद्यावरही तितक्याच मानाने जागा खाते. ती कापली की अक्षर आपोआप वाढतं.

मराठी वाचकांसाठी हा मार्ग विशेष कामाचा आहे. इंग्रजी पीडीएफच्या बाबतीत बरेच जण मजकूर पुन्हा मांडून दाखवणारी सोय वापरतात, म्हणजे ॲप फाइलमधला मजकूर काढून पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी नव्याने पाडतं. मराठीत ते अनेकदा फसतं. पेजमेकरमध्ये श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लावलेल्या पुस्तकांत आपल्याला दिसतं देवनागरी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. मजकूर बाहेर काढला की हाती नुसता कचरा येतो. युनिकोडमधल्या फाइलीतही ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरं तुटतात. आणि स्कॅन केलेल्या पुस्तकात मजकूर नसतोच, पानांचे फोटो असतात. क्रॉप करताना अक्षरांना हातच लागत नाही, फक्त पानाची चौकट लहान होते. म्हणून फॉन्ट कुठलाही असो, स्कॅन कितीही जुना असो, क्रॉप चालतंच.

आधी पट्टी घेऊन हिशोब करा

साडेसहा इंची मोबाइलचा पडदा उभा धरला तर साधारण ६८ मिमी रुंद असतो आणि आडवा धरला तर साधारण १५० मिमी. ए-फोर पान २१० मिमी रुंद. म्हणजे उभ्या पडद्यावर पान मूळ आकाराच्या एक तृतीयांशापेक्षाही किंचित लहान दिसतं. छापील पुस्तकातलं १३ पॉइंटचं अक्षर तिथे चार पॉइंटच्या आसपास उरतं. औषधाच्या बाटलीवरच्या बारीक सूचना साधारण एवढ्याच असतात.

आता एक नमुना घेऊ आणि तोच शेवटपर्यंत नेऊ. डेमी आकाराचं एक जुनं पुस्तक ए-फोर स्कॅनरच्या काचेवर ठेवून कोणीतरी स्कॅन केलंय. अशा फाइली मित्रांकडून, ग्रंथालयाकडून, कुठल्यातरी ग्रुपवरून आपल्याकडे येतच असतात. छापील मजकुराची रुंदी १०५ मिमी आहे. विषम पानांवर डावीकडे ६५ मिमी आणि उजवीकडे ४० मिमी कोरी जागा आहे. सम पानांवर बरोबर उलट, डावीकडे ४० आणि उजवीकडे ६५.

दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी श्वास ठेवून क्रॉप केलं तर पान १०९ मिमी रुंद होतं. ६८ भागिले १०९ म्हणजे ०.६२. तेच १३ पॉइंटचं अक्षर आता आठ पॉइंटचं दिसतं, आधीच्या जवळपास दुप्पट. मोबाइल हातात धरून वाचायला तेवढं पुरतं. शिवाय पडद्याची उंची पुरेशी असल्यामुळे पुस्तकाचं अख्खं पान एका वेळी दिसतं, मध्येच सरकवावं लागत नाही.

याच फाइलसाठी मोबाइल आडवा धरला तर अक्षर अठरा पॉइंटपर्यंत जाईल, पण एका वेळी जेमतेम सात-आठ ओळी दिसतील. ज्यांची नजर अधू आहे त्यांच्यासाठी ते उत्तम, बाकीच्यांना सारखं सरकवण्याचा त्रास. शासन निर्णयासारख्या ए-फोर कागदपत्रांचं गणित मात्र वेगळं. तिथे समास इंचभर असला तर मजकूरच १६० मिमी रुंद असतो. समास पूर्ण कापूनही उभ्या पडद्यावर १२ पॉइंटचं अक्षर पाचच पॉइंटचं होतं. तिथे क्रॉप करून मोबाइल आडवाच धरायचा, मग अक्षर अकरा पॉइंटपर्यंत येतं. माझा ठोकताळा असा: मजकुराची रुंदी १२० मिमीच्या आत असेल तर उभा मोबाइल, त्याहून जास्त असेल तर आडवा.

या हिशोबातून एक गोष्ट निघते, आणि ती लक्षात ठेवली तर पुढच्या अर्ध्या चुका टळतात. पान रुंदीला बसवून वाचताना अक्षराचा आकार फक्त डाव्या-उजव्या समासावर ठरतो. वरचा-खालचा समास कितीही कापला तरी अक्षर तसूभरही वाढत नाही, फक्त दोन पानांमधलं सरकवणं थोडं कमी होतं. म्हणून वर-खाली हावरटपणा करू नका. पृष्ठक्रमांक, तळटीप, पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नाव तसंच राहू द्या. पृष्ठक्रमांक उडवला तर अनुक्रमणिका आणि सूची निरुपयोगी होतात, कारण पीडीएफचं सतरावं पान म्हणजे पुस्तकाचं नववं पान असा घोळ बहुतेक फाइलींत असतोच.

फाइलला हात न लावता, फक्त मोबाइलवर

एकदाच वाचून सोडायची फाइल असेल तर संगणक लागत नाही. वाचनाच्या काही ॲपमध्ये क्रॉपची सोय असते. ते फक्त दाखवण्यापुरतं समास लपवतं, मूळ फाइल आहे तशीच राहते. अँड्रॉइडवर लिब्रेरामध्ये पांढरे समास कापणारं बटण आहे. मला जास्त पटतं ते केओरीडर, कारण त्यात स्वतःच्या हाताने चौकट आखता येते. ते फुकट आहे आणि एफ-ड्रॉइड या ॲप स्टोअरवरून घेता येतं.

केओरीडरमध्ये फाइल उघडून पडद्याच्या खालच्या भागावर टिचकी मारली की एक पट्टी वर येते. त्यात `Page Crop` शोधा. `auto` निवडलं तर ॲप प्रत्येक पानावरचा मजकूर कुठे सुरू होतो ते स्वतः ओळखतं आणि त्या पानापुरतं कापतं. स्वच्छ, संगणकावर तयार झालेल्या फाइलसाठी एवढ्यावर भागतं.

पण आपल्या नमुन्यात `auto` दगा देईल, आणि दोन प्रकारे देईल. एक म्हणजे, ज्या पानावर फक्त मधोमध ‘प्रकरण तिसरे’ एवढंच छापलंय तिथे ॲप त्या दोन शब्दांभोवती घट्ट चौकट आखतं आणि ते शब्द पडदाभर मोठे करतं. पुढच्या पानावर अक्षर पुन्हा लहान. कवितेच्या पानावर मध्यम. पानागणिक अक्षराचा आकार बदलला की डोळ्यांना फार त्रास होतो. दुसरं म्हणजे, स्कॅनमध्ये पुस्तकाच्या शिवणीजवळ काळी सावली येते. ॲपला ती सावलीही मजकूरच वाटते, मग ते सावलीपर्यंतचा सगळा समास शिल्लक ठेवतं. कापलं न कापलं सारखंच.

अशा वेळी `manual` घ्या. मजकुराने गच्च भरलेलं एखादं विषम पान उघडा, चौकटीचे कोपरे मजकुराच्या थोडे बाहेर आणून ठेवा आणि मान्य करा. मग लगेच पुढच्या सम पानावर जाऊन पुन्हा तेच करा. केओरीडर सम आणि विषम पानांच्या चौकटी वेगळ्या लक्षात ठेवतं, त्यामुळे दोनदा आखलं की उरलेलं पुस्तक मार्गी लागतं. आखण्यासाठी पान निवडताना प्रकरणाचं पहिलं पान टाळा, त्याचा माथा कोरा असतो.

कायमचं क्रॉप: ब्रिस

पुस्तक पुन्हा पुन्हा उघडायचं असेल, घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर द्यायचं असेल किंवा वडीलधाऱ्यांना पाठवायचं असेल, तर फाइलच कापून ठेवलेली बरी. त्यांना ॲपची सेटिंग समजावत बसावं लागत नाही. यासाठी संगणकावर ब्रिस नावाचा छोटा, फुकट प्रोग्रॅम आहे. तो जावावर चालतो, म्हणून आधी जावा हवं. उतरवून घेतलेल्या फोल्डरमध्ये जाऊन तो असा सुरू करतात:

```
java -jar briss-0.9.jar
```

फाइल उघडताना ब्रिस विचारतो की कोणती पानं वेगळी ठेवायची. इथे मुखपृष्ठ, मलपृष्ठ, आडवे तक्ते, पानभर नकाशे यांचे क्रमांक द्या, उदाहरणार्थ `1-4;57`. हे पुस्तकाचे छापील क्रमांक नव्हेत, पीडीएफमधले क्रमांक आहेत. खात्री नसेल तर काहीच न देता पुढे गेलात तरी चालेल.

त्यानंतर जे दिसतं ते या प्रोग्रॅमचं खरं बळ आहे. ब्रिस सारख्या आकाराची पानं एकत्र करतो, सम वेगळी आणि विषम वेगळी, आणि प्रत्येक गटातली पानं एकमेकांवर पारदर्शक कागदासारखी रचून एकच चित्र दाखवतो. मजकुराचा भाग गडद काळपट ठोकळ्यासारखा दिसतो, कारण तिथे बहुतेक पानांवर अक्षरं आहेत. त्याभोवती कुठे कुठे फिकट राखाडी ठसे दिसतात. ते नीट बघा. फिकट ठसा म्हणजे एक-दोन पानांवरच तिथे काहीतरी आहे. ठोकळ्याच्या उजवीकडे फिकट रेघ दिसली तर बहुधा ओव्या किंवा श्लोक आहेत आणि त्यांचे ॥ १२ ॥ असे आकडे मजकुराच्या कडेपलीकडे गेलेले आहेत. खाली फिकट पट्टा असेल तर काही पानांवर लांब तळटीपा आहेत. आणि शिवणीच्या बाजूला उभा धुरकट पट्टा असेल तर ती स्कॅनची सावली, ती बेधडक कापायची.

ब्रिसने स्वतःहून एक चौकट आखलेली असते, पण ती सावलीसकट असण्याची शक्यता मोठी. कोपरे धरून ती आत ओढा. आपल्या नमुन्यात विषम गटाच्या चित्रावर चौकट डावीकडून ६३ मिमीवर सुरू होऊन १७२ मिमीवर संपेल, सम गटावर ३८ पासून १४७ पर्यंत. दोन्ही चौकटींची रुंदी सारखीच ठेवा. ती वेगळी झाली तर पान उलटताना अक्षराचा आकार किंचित बदलत राहतो, आणि नेमकं काय खटकतंय हे कळायलाही वेळ लागतो.

सम-विषम वेगळं करण्याचा एवढा आग्रह का, तेही आकड्यात पाहू. सगळ्या पानांना एकच चौकट लावायची म्हटलं तर ती दोन्ही प्रकारच्या पानांना सामावून घेणारी हवी, म्हणजे ३८ ते १७२, एकूण १३४ मिमी. मग अक्षर आठऐवजी साडेसहा पॉइंटचं होतं. शिवाय मजकूर एका पानावर उजवीकडे, पुढच्या पानावर डावीकडे असा उड्या मारतो. केलेल्या कामाचं निम्मं फळ तिथेच जातं.

देवनागरीसाठी एक खास काळजी. चौकटीची वरची कड ठरवताना नजर शिरोरेखेवर जाते, कारण तीच ठळक दिसते. पण मराठीत बरंच काही शिरोरेखेच्या वर असतं: वेलांटीची कमान, मात्रा, रफार, अनुस्वाराचा टिंब. आणि ओळीच्या खाली उकार, ऋकार. शिरोरेखेला लागून कापलं तर ‘धर्म’चा रफार उडतो आणि ‘धम’ उरतं, ‘शांत’चं ‘शात’ होतं. कधी कधी शब्द चुकीचा वाचूनही आपल्या लक्षात येत नाही. वर आणि खाली तीन-चार मिमी सोडा. नाहीतरी तिथे कापून अक्षर वाढत नाही.

चौकटी झाल्या की आधी प्रिव्ह्यू बघा, मगच क्रॉप करून नव्या नावाने फाइल साठवा. मूळ फाइल पुसू नका.

एका स्कॅनमध्ये पुस्तकाची समोरासमोरची दोन पानं एकत्र असतील, तर त्याच चित्रावर दोन चौकटी आखा, आधी डाव्या पानावर आणि मग उजव्या. ब्रिस प्रत्येक चौकटीचं स्वतंत्र पान करून देतो. उघड्या पुस्तकाच्या झेरॉक्सवरून केलेल्या स्कॅनला याचा फार उपयोग होतो. दोन स्तंभांतलं मासिकही असंच एकेका स्तंभाच्या पानात फोडता येतं, मात्र स्तंभांवर पसरलेलं मथळ्याचं किंवा चित्राचं पान त्यातून आधीच वेगळं काढावं लागतं.

टाइप करून काम करणाऱ्यांसाठी

स्वच्छ फाइल असेल, सावल्या नसतील आणि संगणकावर पायथॉन असेल तर दोन ओळींत काम होतं:

```
pip install pdfCropMargins
pdfcropmargins -v -e -p 0 -a -6 pustak.pdf
```

यात `-e` म्हणजे सम आणि विषम पानं वेगवेगळी, पण प्रत्येक गटात एकसारखी कापायची. `-p 0` म्हणजे जुन्या समासातलं काही ठेवायचं नाही, आणि `-a -6` म्हणजे मजकुराभोवती सहा पॉइंट, साधारण दोन मिमी, मोकळे सोडायचे. पीडीएफमध्ये मोजमाप पॉइंटमध्ये असतं आणि एका इंचाचे ७२ पॉइंट होतात, म्हणून ए-फोर पानाची रुंदी तिथे ५९५ दिसते.

हा प्रोग्रॅम गटातल्या सर्वांत रुंद पानाला धरून चालतो. एकाच पानाच्या कडेला ग्रंथालयाचा शिक्का किंवा कोणी पेनने केलेली नोंद असली, तरी सगळ्या पानांचा समास त्या शिक्क्यापर्यंत शिल्लक राहतो. छापखान्यासाठी तयार केलेल्या फाइलीतही हेच होतं. त्यांच्या चारही कोपऱ्यांत कटिंगच्या बारीक रेघा असतात आणि प्रोग्रॅम त्या रेघांनाच मजकूर समजतो. कमांड चालली, नवी फाइल तयार झाली, पण पान तेवढंच रुंद दिसलं, तर समजायचं की कडेला असं काहीतरी आहे. मग ब्रिसकडे वळायचं आणि हाताने आखायचं.

कापून झाल्यावर तपासणी

नवी फाइल मोबाइलवर घ्या. व्हॉट्सॲपवरून पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फक्त पहिली दोन पानं बघून खूश होऊ नका, ती नेहमी चांगलीच दिसतात. पाच ठिकाणं तपासा: प्रकरणाचं पहिलं पान, श्लोक किंवा कवितेचं पान, तळटीपांचं पान, तक्त्याचं पान आणि पुस्तकाच्या अगदी शेवटचं एखादं पान. शेवटचं यासाठी की जाड पुस्तक स्कॅन करताना ते काचेवर हळूहळू सरकत जातं, आणि शंभराव्या पानाला नेमकी बसणारी चौकट तीनशेव्या पानावर शब्दाचं टोक छाटते. तसं झालेलं दिसलं तर मूळ फाइल मध्यावर फोडून दोन तुकडे वेगवेगळे क्रॉप करा आणि पुन्हा जोडा.

उजवी कड तपासायची सोपी खूण म्हणजे पूर्णविराम आणि संयोगचिन्हं. ओळीच्या टोकाला ती दिसत नसतील तर चौकट आत सरकली आहे. डाव्या बाजूला ऱ्हस्व वेलांटीच्या अक्षराने सुरू होणारी ओळ बघा. ‘विचार’ किंवा ‘दिवस’ ओळीच्या आरंभी आला की ‘व’ किंवा ‘द’च्या आधी वेलांटीचा उभा दंड असतो, आणि कापला जातो तो तोच.

कुठे क्रॉप करू नये

सही केलेल्या कागदपत्रांना हात लावू नका. महाभूमीवरून घेतलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा क्रॉप करून नव्याने साठवला की ती स्वाक्षरी वैध राहत नाही, कारण फाइल बदललेली असते. तो वाचायचाच असेल तर ॲपमधल्या, फाइल न बदलणाऱ्या क्रॉपने वाचा आणि पुढे देताना मूळ फाइल द्या.

आणि क्रॉप म्हणजे खोडणं नव्हे. फाइलमध्ये पानाच्या चौकटीच्या नोंदी असतात, आणि क्रॉप करताना सहसा फक्त त्या नोंदी बदलतात. कडेचा मजकूर आतच असतो, नुसता झाकलेला. म्हणून फाइलचा आकारही फारसा कमी होत नाही. समासात कोणाचा फोन नंबर किंवा आधार क्रमांक लिहिलेला असेल आणि तुम्ही तो कापून फाइल पुढे पाठवली, तर चौकट पुन्हा मोठी करून कोणीही तो वाचू शकतं. असं काही असेल तर कापलेल्या पानाची प्रतिमा काढा आणि त्या प्रतिमेची नवी पीडीएफ करून तीच पाठवा.